सगळं प्रोटीन रात्रीच्याच ताटात: मसल टिकेल का?

वाचकाचं पत्र: वय ३८, उंची ५ फूट ७ इंच. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. दोन महिन्यांत ८७ वरून ७८ किलोवर आलोय. सकाळी चहा-खारी, दुपारी डब्यात दोन भाकरी, भाजी, शेंगा चटणी, सहाला चहा-फरसाण, आणि प्रोटीन सगळं रात्री, जिमवरून आलो की पाव किलो चिकन, तीन अंडी, एक भाकरी. ॲपमध्ये शंभरच्या वर ग्रॅम भरतंय. तरी बेंच प्रेस ६० वरून ५० वर आला, हात बारीक दिसतात, जिमच्या मशीननं पावणेदोन किलो मसल गेलं म्हणून दाखवलं. एक मित्र म्हणतो शरीर एका वेळी ३० ग्रॅमच घेतं, बाकी वाया. ट्रेनर म्हणतो दर दोन तासांनी खा, ते मला जमणार नाही. घरी सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतो, आणि सकाळी आईची पूजा व्हायच्या आधी अंडं शिजत नाही. रात्रीचंच प्रोटीन पुरणार नाही का?

उत्तर:

नमस्कार. तुमच्या प्रश्नाकडे येतोच, पण त्याआधी एक विचारायचंय, ॲपमध्ये तुम्ही कुठल्या दिवसाचं जेवण भरलंत? माझा अंदाज मंगळवार नाहीतर बुधवारचं. कारण चिकनच्या दिवशी हिशेब खरंच शंभरच्या वर जातो. बघा, सकाळी चहा-खारीत जेमतेम ४ ग्रॅम, दुपारच्या दोन ज्वारीच्या भाकरीत १२ च्या आसपास, चटणी आणि भाजी धरून डबा झाला १८ चा, संध्याकाळच्या फरसाणात ५-६, आणि रात्री पाव किलो बोनलेस चिकनचे ५५, तीन अंड्यांचे १८-१९, भाकरीचे ६, म्हणजे रात्रीचे झाले ८०. बेरीज १०८. उत्तम. आता सोमवार घ्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ तेच, पण रात्री एक भाकरी, वाटीभर आमटी, थोडी भाजी, दही. हे सगळं मिळून १८. म्हणजे दिवसाचे ४६. असे आठवड्यात तीन दिवस. चार दिवस १०८ आणि तीन दिवस ४६ धरले तर रोजची सरासरी निघते ८१ ग्रॅम.

आणि हे चिकन बोनलेस असेल तर हं. दुकानात पाव किलो रश्श्यासाठी कापून देतात ते हाडासकट तोललेलं असतं, त्यात साधारण एक तृतीयांश तरी हाडं जातात, म्हणजे पोटात ५५ नाही तर ३५-३६ ग्रॅम प्रोटीन गेलं. त्यातून ॲपमध्ये शिजवलेल्या चिकनची एन्ट्री निवडली असेल तर आकडा आणखी फुगतो, कारण शिजल्यावर पाणी जाऊन वजन कमी होतं आणि दर शंभर ग्रॅममागं प्रोटीन जास्त दिसतं, आपण मात्र कच्चं वजन टाकलेलं असतं. हाडासकटचा हिशेब धरला तर तुमची सरासरी ७० च्या आसपास येते.

हे आधी सांगायचं कारण असं, की तुम्ही विचारताय "एकदम खाल्लं म्हणून वाया जातंय का", पण मला दिसतंय की आठवड्यातले जवळजवळ निम्मे दिवस ते खाल्लंच जात नाहीये. वजन उतरवताना मसल सांभाळायचं तर रोज किलोमागं १.६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं, वजन जास्त असेल तेव्हा हा हिशेब आजच्या वजनावर न लावता जिथं पोचायचंय त्या वजनावर लावलेला बरा. तुमच्या उंचीला ७२ किलो धरू, म्हणजे रोजचे ११५ ग्रॅम. तुम्ही आहात ७० ते ८१ वर. पहिली गळती ही आहे.

आता मित्राच्या ३० ग्रॅमबद्दल. शरीर ३० च्या वरचं प्रोटीन घेत नाही ही गोष्ट खरी नाही. आतडं जवळजवळ सगळं प्रोटीन शोषून घेतं, जास्त असेल तर जास्त वेळ घेतं एवढंच. हा आकडा आला कुठून, तर २००९ मध्ये कॅनडातल्या एका युनिव्हर्सिटीत तरुण मुलांना पायांचा व्यायाम करायला लावून अंड्याचं प्रोटीन वेगवेगळ्या प्रमाणात दिलं होतं, तेव्हा २० ग्रॅमच्या पुढं मसल बांधायचा वेग फारसा वाढला नाही, जादाचं प्रोटीन इंधन म्हणून जळताना दिसलं. पण तिथं व्यायामानंतरचे काही तासच मोजले होते. २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला व्यायामानंतर एकदम १०० ग्रॅम देऊन बारा तास मोजलं, तर मसल बांधायचं काम २५ ग्रॅमपेक्षा जास्त झालं आणि जास्त वेळ चाललं. म्हणजे तुमचं रात्रीचं चिकन वाया जात नव्हतं, ती चिंता मनातून काढून टाका.

मग रात्रीचंच पुरेल का? इथं जरा थांबून समजून घ्यायला पाहिजे, कारण दोन्ही बाजूंनी लोक टोकाचं बोलतात. आपल्या मसलमध्ये दिवसभर दोन कामं चालू असतात, तुटणं आणि बांधणं. पुरेसं प्रोटीन पोटात गेलं की काही तास बांधणं वर जातं, मग परत खाली येतं, आणि पोट रिकामं असेल तेव्हा तुटणं जास्त. पोटभर खाणाऱ्या माणसाला याचा फारसा फरक पडत नाही. पण तुम्ही कॅलरी कमी केल्यात, आणि कॅलरी कमी असल्या की बांधायचं काम मुळातच मंद होतं. त्यात तुमची सकाळ ४ ग्रॅमची. दुपार १८ ची, आणि तीही जवळजवळ सगळी भाकरी आणि शेंगदाण्याची. ज्वारीत लायसिन नावाचं एक आवश्यक अमिनो ॲसिड कमी असतं, शेंगदाण्यातही ते फार नाही, त्यामुळं तेवढ्या १८ ग्रॅमचा मसलला जो धक्का बसायला हवा तो बसत नाही. म्हणजे रात्रीच्या जेवणाचा असर पहाटेपर्यंत, फार तर सकाळपर्यंत धरला तरी तिथून पुढं जिम संपेपर्यंत मसलला बांधायला कारणच मिळत नाहीये. एका वेळेला किती पुरतं, तर किलोमागं ०.३ ते ०.४ ग्रॅम, म्हणजे तुमच्यासाठी २२ ते २९. मी २५ धरून चालतो, लक्षात ठेवायला सोपं.

अमेरिकेत टेक्सासमध्ये २०१४ साली एक छोटा प्रयोग झाला होता, त्यात एकदा तिन्ही जेवणांत ३०-३०-३० ग्रॅम दिले आणि एकदा सकाळी १०, दुपारी १५, रात्री ६५, म्हणजे जवळजवळ तुमचंच वेळापत्रक. बेरीज सारखीच होती, तरी समान वाटणीत चोवीस तासांतलं मसल बांधणं २५ टक्क्यांच्या आसपास जास्त निघालं. हे वाचून लोक उड्या मारतात. पण २०१७ मध्ये पर्ड्यू युनिव्हर्सिटीत वजन उतरवणाऱ्या, वेट ट्रेनिंग करणाऱ्या माणसांवर सोळा आठवडे हेच करून बघितलं, एका गटाला समान वाटणी, दुसऱ्याला बहुतेक प्रोटीन रात्री, तर शेवटी चरबी आणि मसल दोन्ही गटांत सारखंच निघालं. मला यातून जे पटतं ते असं, की दिवसाची बेरीज पहिली, वेट ट्रेनिंग तिच्या बरोबरीनं, आणि वाटणी तिसऱ्या नंबरला. ज्याची बेरीज रोज नीट भरते, जो जड वजनं उचलतो, त्याला वाटणीनं मिळणारा फायदा थोडासाच असणार.

तरीही तुम्हाला मी वाटूनच खा म्हणतोय, आणि त्याचं कारण मसलच्या शास्त्रापेक्षा तुमच्या घरचं कॅलेंडर आहे. सगळी बेरीज एका ताटावर उभी असली की ते ताट ज्या दिवशी बदललं त्या दिवशी सगळंच कोसळतं, मग सोमवार असो, लग्नाचं जेवण असो, नाहीतर कारखान्यात महिनाअखेरीला उशीर होऊन भूक मेलेली असो. चार ठिकाणी थोडं थोडं असेल तर एखादं हुकलं तरी ८०-८५ हातात राहतात. शिवाय सकाळी २५ ग्रॅम गेले की अकराची भूक आणि सहाचं फरसाण दोन्ही आपोआप आवरतात, हे मी डाएटवाल्या माणसांत वारंवार बघतो.

ट्रेनरच्या दोन तासांचं मात्र सोडून द्या. एका प्रयोगात बारा तासांत ८० ग्रॅम प्रोटीन तीन पद्धतींनी दिलं होतं, दीड-दीड तासानं १०, तीन-तीन तासांनी २० आणि सहा-सहा तासांनी ४०, आणि त्यात मधली पद्धत सगळ्यात बरी निघाली. म्हणजे सारखं चिमूटभर खाण्याचा उलट तोटाच, कारण प्रत्येक वेळी ते पुरेसं होत नाही. सकाळी साडेआठ, दुपारी दीड, संध्याकाळी सहा, रात्री साडेनऊ, एवढ्या चार वेळा भरपूर झाल्या. संध्याकाळची हुकली तर तीनवर भागवा आणि रात्री थोडं जास्त घ्या, बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष ताटाकडे येऊ, आणि सगळ्यात अडचणीची वेळ आधी घेऊ, म्हणजे सकाळ. अंडं नको असेल तर त्यावरून आईंशी वाद घालायची काहीच गरज नाही, दुधावर आणि डाळीवर हे काम होतं. आदल्या दिवशी अर्धा लिटर गाईच्या दुधाचं दही लावा, रात्री स्वच्छ फडक्यात बांधून फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवा, खाली पातेलं. सकाळपर्यंत घट्ट चक्का होतो, त्यात १२-१३ ग्रॅम प्रोटीन राहतं, निथळलेल्या पाण्यातही थोडं जातं तर ते आमटीत नाहीतर पीठ मळायला वापरा. त्याच्या जोडीला मुगाच्या डाळीची दोन धिरडी. पन्नास ग्रॅम डाळ रात्री भिजवायची, सकाळी आलं-मिरची घालून वाटायची, तव्यावर चमचाभर तेलात. त्याचे १२. झाले पंचवीस. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये दही रात्रभर बाहेर टांगलं तर सकाळी आंबून जातं आणि मग कुणी खात नाही, म्हणून फ्रीजचं सांगितलं. धिरड्यांना वेळ नसेल त्या दिवशी ग्लासभर दूध आणि ७५ ग्रॅम पनीर मीठ-मिरपूड लावून खाऊन निघा, २० च्या वर जातं.

चक्क्यात साखर घालून श्रीखंड करू नका एवढंच. चवीला जिरेपूड, मीठ, नाहीतर थोडी शेंगा चटणी भुरभुरवा, छान लागतो.

आणि शेंगा चटणीचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो, कारण आपल्याकडं बऱ्याच जणांना वाटतं चटणी-भाकरी म्हणजे प्रोटीन झालं. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागं २५ ग्रॅम प्रोटीन असतं हे खरं, पण त्याबरोबर साडेपाचशेच्या वर कॅलरी येतात. म्हणजे एका वेळेचं प्रोटीन नुसत्या शेंगांतून घ्यायचं तर निम्म्या जेवणापेक्षा जास्त कॅलरी तिथंच संपल्या. चटणी चमचाभर खायची, चवीसाठी खायची, तिला प्रोटीनच्या हिशेबात मोठी जागा द्यायची नाही. वरणाचंही तसंच. वाटीत किती वरण आहे ते बघू नका, कुकरला कोरडी डाळ किती लावली आणि ती किती जणांनी खाल्ली ते बघा. दीडशे ग्रॅम तूरडाळ पाच जणांत म्हणजे प्रत्येकी ३० ग्रॅम, म्हणजे साडेसहा-सात ग्रॅम प्रोटीन, मग वरण पातळ करा नाहीतर घट्ट. पातळ वरणाच्या तीन वाट्या प्यायल्या म्हणून २० ग्रॅम झाले असं होत नाही.

दुपारच्या डब्यातल्या दोन भाकरी तशाच राहू द्या. त्यांच्याबरोबर नुसत्या वांग्याच्या भाजीऐवजी सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा. कोरड्या वड्या ३० ग्रॅम, म्हणजे साधारण मूठभर, त्यात १५ ग्रॅम प्रोटीन आणि कॅलरी शंभरच्या आसपास, यापेक्षा स्वस्तात प्रोटीन किराणा दुकानात मला तरी माहीत नाही. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून दोनदा घट्ट पिळून घ्या, हे पिळणं टाळलं की उग्र वास राहतो आणि मग घरात म्हणतात आम्हाला सोयाबीन आवडत नाही. पिळून झाल्यावर काळ्या मसाल्यात, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात नेहमीचा रस्सा करतो तसा करायचा. वांग्याच्या भाजीतच टाकल्या तरी चालतात. भाकरी, वड्या आणि चमचाभर चटणी मिळून डबा ३० ग्रॅमचा होतो. सोयाबीनमध्ये लायसिन चांगलं असतं, ज्वारीत जे कमी आहे ते ते भरून काढतं, म्हणून ही जोडी मला आवडते. रोज सोयाबीन नको वाटलं तर एक दिवसाआड उसळ करा, पण मोड आलेली मटकी वाटीभर दिसते तेवढी नसते, तिथंही कोरडं कडधान्य ५० ग्रॅम मोजा, त्याचे १२ मिळतील, वर वाटीभर दही घ्या.

सहाला फरसाणाच्या जागी तीन उकडलेली अंडी. जिमच्या जवळपास संध्याकाळी उकडलेल्या अंड्यांची गाडी लागतच असेल, तिथंच उभ्या उभ्या खाल्लीत तर घरच्या स्वयंपाकघराचा प्रश्नही येत नाही. १८ ग्रॅम झाले. सोमवार, गुरुवार, शनिवारी याच वेळेला दोन मुठी फुटाणे, म्हणजे ४० ग्रॅम, आणि ग्लासभर दूध, त्याचे १५.

मग रात्री चिकन कमी होतं. १५० ग्रॅम बोनलेस, किंवा हाडासकट घेत असाल तर सव्वादोनशे, एक भाकरी, अर्धी वाटी दही, हे झाले ४२. शाकाहारी रात्री १०० ग्रॅम पनीर, नेहमीची आमटी, भाकरी, हे ३१. चहातल्या दुधाचे दोन-तीन धरून चिकनच्या दिवसाची बेरीज ११८ आणि बाकीच्या तीन दिवसांची १०४ च्या आसपास. आठवड्याची सरासरी ११२. आणि कॅलरी बघा, सकाळी आणि डब्यात जेवढ्या वाढल्या जवळपास तेवढ्या रात्रीच्या ताटातून आणि फरसाणातून कमी झाल्या, म्हणजे हे सगळं वरून घातलेलं नाहीये, इकडचं तिकडं केलंय. ही गोष्ट नक्की लक्षात ठेवा, कारण प्रोटीन वाढवा म्हटलं की लोक जुनं सगळं तसंच ठेवून वर पनीर घालतात आणि मग वजन थांबलं म्हणून तक्रार करतात.

पावडरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण कुणीतरी सुचवेलच. व्हे प्रोटीन दुधापासूनच होतं, त्यामुळं तुमच्या तीन दिवसांनाही चालतं, एका स्कूपमध्ये २४ ग्रॅमच्या आसपास मिळतात. सकाळी चक्का-धिरडं जमत नसेल तर स्कूप घ्या, जमत असेल तर गरज नाही. डब्यावर एफएसएसएआयचा लायसन्स नंबर आणि पक्कं बिल असल्याशिवाय घेऊ नका, जिममध्ये सुट्ट्या पिशवीत कुणी देत असेल तर तर नाहीच.

आता मशीनबद्दल. जिममधलं ते मशीन शरीरातून अगदी बारीक करंट सोडून अडथळा मोजतं आणि त्यावरून पाणी, पाण्यावरून मसल असा अंदाज बांधतं. तुम्ही खाणं कमी केलं की मसलमधला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, कमी होतो, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणीही जातं. मशीनला हे पाणी आणि खरं मसल यातला फरक कळत नाही. त्यात तुम्ही उन्हातून, घाम गाळून जाऊन उभे राहिलात तर आणखी कमी दाखवणार. म्हणून पावणेदोन किलो मसल गेलं हे मी जसंच्या तसं मानणार नाही, त्यातला बराच भाग पाणी असू शकतो. पण बेंच प्रेस ६० वरून ५० वर येणं मात्र मी गांभीर्यानं घेतो. वजन उतरताना थोडी ताकद कमी होते, पण दोन महिन्यांत सहावा हिस्सा जाणं जास्त आहे.

याला वाटणीपेक्षा मोठं एक कारण मला दिसतं, आणि ते म्हणजे वेग. दोन महिन्यांत ९ किलो, म्हणजे आठवड्याला एक किलोच्या वर. पहिल्या पंधरवड्यातलं काही पाणी होतं असं धरलं तरी जोरातच चाललंय. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, तुमच्यासाठी ४०० ते ७५० ग्रॅम, यातही खालच्या बाजूला राहिलेलं मसलसाठी चांगलं. म्हणून वर सांगितलेल्या ताटात रात्री अर्धी भाकरी वाढवा आणि जिमला जायच्या आधी एक केळं, म्हणजे दोनशेच्या आसपास कॅलरी परत आल्या. वजन उतरायचं थांबणार नाही, फक्त दम धरून उतरेल, आणि जिममध्ये हातात जोर येईल.

दुसरं, ट्रेनरनं वजन उतरवायचं म्हणून हलकी वजनं आणि वीस-वीस रेप्स, वर ट्रेडमिलचा तास असं काही लावून दिलं असेल तर ते बदलून घ्या. मसलला टिकून राहायला जे कारण लागतं ते जड वजनातून मिळतं, प्रोटीन हा त्याचा माल झाला. आठवड्यात तीन दिवस पुरे, पण प्रत्येक मोठा व्यायाम ६ ते १२ रेप्समध्ये, शेवटच्या एक-दोन रेप्सला खरंच कष्ट पडतील इतक्या वजनावर. खाणं कमी असताना सेट कमी केलेत तर चालेल, बारवरचं वजन शक्यतो कमी करू नका.

फरक पडतोय की नाही हे मशीनवर न बघता एका वहीत बघा. बेंच, स्क्वॅट, रोइंग असे तीनच व्यायाम, किती किलो आणि किती रेप्स. आठवड्यातून एकदा सकाळी उठल्यावर बेंबीच्या रेषेत टेपनं कंबर. वजन रोज करून आठवड्याची सरासरी, कारण एका दिवसाचं वजन मीठ आणि पाण्यानं किलोभर इकडंतिकडं होतं. कंबर कमी होतेय आणि बेंच ५० वर टिकलाय किंवा हळूहळू वर सरकतोय, म्हणजे जातंय ती चरबीच. कंबर जागेवर, वजन खाली आणि तिन्ही व्यायामांत ताकद खाली, असं सलग तीन आठवडे दिसलं तर मसल जातंय असं समजा.

हे वाचून जे बाकीचे हेच ताट लावायला बघतील त्यांच्यासाठी दोन गोष्टी. किडनीचा त्रास असेल, डायबेटिस किंवा बीपी बरीच वर्षं असेल, तर प्रोटीन वाढवायच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून डॉक्टरांना विचारा, हा आकडा अशा माणसांसाठी नाही. रिपोर्ट मात्र स्वतः वाचून घाबरू नका, मटण खाल्ल्यावर किंवा जड व्यायाम केल्यावर क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं, डॉक्टरांना ते सांगा.

आणि घरातली साठीच्या पुढची माणसं. वाटणी सगळ्यात जास्त कुणाला लागते तर यांना, कारण वय वाढलं की थोड्या प्रोटीननं मसल हलतच नाही, एका वेळेला किलोमागं ०.४ ग्रॅमच्या आसपास लागतं. आणि नेमकी हीच माणसं सकाळी चहा-खारी, दुपारी अर्धी भाकरी आणि पातळ वरण, रात्री दूध-भात यावर राहतात. तुमच्या आईंची किडनी वगैरे ठीक असेल तर तुमच्यासाठी चक्का लावताना त्यांच्यासाठीही अर्धा लिटर जास्तीचं दूध घ्या, पूजेनंतर एक वाटी आणि एक धिरडं. त्यांना उठता-बसताना गुडघ्यावर हात ठेवावा लागत असेल तर जिने चढणं, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं असलं काहीतरी रोज करायला लावा, नाहीतर नुसत्या चक्क्यानं काम होणार नाही.

तुम्ही हे सहा आठवडे करून बघा. सहा आठवड्यांनी बेरीज नीट भरतेय, झोप सात तासांची होतेय आणि तरीही बेंच ५० च्या खाली सरकत असेल, तर आणखी प्रोटीन वाढवत बसू नका. दोन आठवडे वजन स्थिर राहील एवढं पोटभर खा, भाकरी-भात वाढवून, व्यायाम तोच ठेवून, आणि त्यानंतर परत कमी करायला लागा. तेवढ्यानंही ताकद परत येत नसेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या, कारण मग प्रश्न ताटाचा राहिलेला नसेल.